नव्वद सेकंदांत चार जणी

मुंबईत वर्सोव्याला आरामनगर म्हणून वस्ती आहे. कास्टिंगची आणि ऑडिशनची छोटी छोटी ऑफिसं तिथे दाटीवाटीने आहेत, आणि नटनट्यांच्या चकरा दिवसभर चालू असतात. पण आता निम्म्याहून जास्त निवड माणूस दारात उभा राहायच्या आधीच झालेली असते. एखाद्या भूमिकेसाठी नावं मागवली की कास्टिंग डायरेक्टरच्या सहायकाकडे फोटो, वय, उंची आणि एक लिंक येते. ती लिंक म्हणजे शोरील, म्हणजे आजवर केलेल्या कामातले तुकडे जोडून बनवलेली फिल्म. सहायक ती लॅपटॉपवर उघडतो, कधी रिक्षात बसून फोनवर. त्याच्यासमोर तशाच आणखी पुष्कळ लिंका रांगेत असतात. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत चेहरा आणि आवाज पटला तर तो पुढे बघतो, नाही तर पट्टी बोटाने पुढे सरकवतो आणि मधलं काही नजरेला पडतं का ते पाहतो.

नव्वद सेकंद हा काही कुठल्या संस्थेने घालून दिलेला नियम नाही. दोन मिनिटांची रील केली म्हणून कोणी दंड करत नाही. पण इतक्या वेळात तीन-चार तुकडे नीट मावतात, प्रत्येक तुकड्यात एखादं वाक्य पूर्ण ऐकू येतं आणि बघणाऱ्याचं बोट स्क्रीनकडे जायच्या आत फिल्म संपते. म्हणून हा आकडा रुळला. टीव्हीच्या हिशेबाने सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर नव्वद सेकंदांच्या २,२५० फ्रेम होतात. हे ऐकून नवीन मुलांना वाटतं, बापरे, भरपूर आहे. मग ती भरायला बसतात, आणि गडबड तिथूनच सुरू होते.

मी संकलक आहे. मालिकांचे एपिसोड कापणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि ओळखीतल्या नटांच्या रील हे त्याच्या मधल्या वेळातलं. इथे एकाच रीलची गोष्ट सांगतो, कारण ती बाकीच्यांपेक्षा फार वेगळी नव्हती. साधारण तिशीतली अभिनेत्री. सांगलीकडची, राज्य नाट्य स्पर्धेतून आलेली, आता गोरेगावात भाड्याने राहणारी. तिच्याकडे पेन ड्राइव्हमध्ये आठ कामं होती. एका मराठी मालिकेतली थोरली जाऊ, त्यातले दोन सीन: एक स्वयंपाकघरातला टोमणे मारण्याचा, एक नवऱ्याच्या अपघातानंतर रडण्याचा. हिंदी गुन्हे-मालिकेच्या एका भागातली महिला कॉन्स्टेबल. एका लघुपटातली ऊसतोड करणारी बाई. बँकेची जाहिरात, ज्यात ती फक्त हसते. एका वेब सिरीजमध्ये मोठ्या नटासमोर दोन वाक्यं बोलणारी नर्स. स्पर्धेतल्या नाटकाचं, हॉलच्या मागच्या रांगेतून केलेलं रेकॉर्डिंग. आणि मित्रांनी फोनवर केलेलं एक विनोदी स्किट, ज्यात ती हाउसिंग सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि ऑनलाइन मीटिंग घेते. प्रत्येकातला बरा भाग वेगळा काढला तर सगळे मिळून सव्वाचार मिनिटं भरत होती.

तिने स्वतः एक रील आधी बनवली होती. तीन मिनिटांची. सुरुवातीला नाव उडत येतं, मग गाणं वाजतं आणि गाण्यावर तिचे चेहरे: हसरा, रडका, चिडलेला, परत हसरा. आमच्या धंद्यात याला मोन्टाज म्हणतात. ट्रेलरसाठी तो ठीक आहे, नटाच्या रीलमध्ये मात्र त्याचा काही उपयोग नाही. कास्टिंगवाल्याला दोन गोष्टी कळायला हव्या असतात: ही बाई बोलते कशी, आणि समोरचा बोलत असताना ऐकते कशी. गाण्याखाली दोन्ही गाडल्या जातात. शिवाय चेहऱ्यांच्या अशा माळेने काहीच सिद्ध होत नाही. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने शंभरेक वर्षांपूर्वी केलेला प्रयोग चित्रपटाच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतात. एकाच नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी आणि एकदा एका स्त्रीशेजारी जोडला, आणि लोकांना त्याच चेहऱ्यावर भूक, दुःख आणि वासना दिसली असं सांगतात. म्हणजे चेहऱ्याचा अर्थ शेजारचा शॉट ठरवतो. शेजारी काहीच नसेल तर रडणारा चेहरा हा नुसता ओला चेहरा असतो, आणि कास्टिंगवाल्यांनी तसे ढिगाने पाहिलेले असतात.

म्हणून मी आधी काही कापत नाही, कागदावर यादी करतो. नट स्वतः यादी करतात तेव्हा भावना लिहितात: राग, दुःख, प्रेम, विनोद. मला ती यादी फसवी वाटते. भावना सगळ्यांनाच असतात. रेंज कळते ती माणसं बदलल्यावर. माझ्या कागदावर चार रकाने असतात. ही कोण आहे? समोरच्यापेक्षा वरचढ आहे की दबलेली? भाषा कोणती आणि कुठली? आणि या सीनमध्ये तिला समोरच्याकडून काय हवं आहे? आठ कामं या चार रकान्यांत भरली की जोड्या आपोआप दिसायला लागतात. एकाच ओळीवर दोन कामं बसत असतील तर त्यातलं एक जातं, मग ते कितीही चांगलं असो.

इथे तसंच झालं. रडण्याचे तुकडे दोन होते, मालिकेतला आणि नाटकातला. मालिकेतला सीन थोरल्या जावेचाच, म्हणजे माणूसही तेच. तो गेला. नाटकाच्या रेकॉर्डिंगमध्ये ती खरोखर छान होती. पण मागच्या रांगेतून रंगमंचावरचा माणूस पडद्यावर अंगठ्याएवढा दिसतो आणि आवाज छताला आपटून येतो. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी जे मोठं करावं लागतं तेच कॅमेऱ्यापुढे भडक दिसतं, आणि कास्टिंगवाला मनात तेवढीच नोंद करतो. तोही गेला. बँकेची जाहिरात गेली, कारण जाहिरातींचं कास्टिंग वेगळं चालतं आणि त्यासाठी तिला वेगळी, आणखी छोटी रील लागणारच होती.

वेब सिरीजच्या तुकड्यावरून मात्र वाद झाला.

“दादा, तो काढलात तर मी त्यांच्यासमोर काम केलंय हे कळणार कसं?”

“प्रोफाइलमध्ये लिही ना एका ओळीत. इथे बघ, वीस सेकंदांत तुझी पाठ किती वेळ दिसतेय.”

तिने पाहिलं. पाठच जास्त दिसत होती. मोठा नट फ्रेममध्ये असला की बघणाऱ्याची नजर त्याच्याकडे जाते. कॅमेराही त्याच्याच बाजूने लावलेला असतो. रीलमधला असा तुकडा फार तर त्या नटाची जाहिरात होतो. ओळखीचा चेहरा ठेवायचा तर तो त्याच्या पाठीकडून घेतलेल्या शॉटमध्ये, म्हणजे त्याचा खांदा आणि आपला चेहरा. तसा शॉट तिच्याकडे नव्हता.

उरले चार तुकडे: कॉन्स्टेबल ३० सेकंद, ऊसतोड बाई ५५, सेक्रेटरी २५ आणि जाऊ ३८. एकूण १४८. सुरुवातीला नावासाठी ३ सेकंद आणि शेवटी नाव व संपर्कासाठी ४ सेकंद धरले तर कामाला ८३ सेकंद राहतात. म्हणजे अजून मिनिटभराहून जास्त काढायचं होतं. यापुढे अख्खा तुकडा काढण्यात अर्थ नव्हता. प्रत्येकाच्या आतूनच काढायला हवं होतं.

ऊसतोड बाईचा तुकडा कसा कापला ते नीट सांगतो, कारण बाकीचे त्याच पद्धतीने झाले. सीन असा: पोरगी तापाने फणफणलेली आहे, आणि बाई मुकादमाकडे पैसे मागायला जाते. मूळ सीनमध्ये आधी कोप्या दिसतात, मग ती उसाच्या पाचटातून चालत येते, मुकादमाच्या मोटरसायकलपाशी थांबते. १४ सेकंद. लघुपटात हे हवंच, जागा कळायला. रीलमध्ये जागा कळायची गरज नाही. साडीवर घातलेला पुरुषी शर्ट आणि पहिलं वाक्य पुरेसं आहे. ते १४ सेकंद सरसकट गेले. मग दोघांचं बोलणं, १० सेकंद. मुकादम म्हणतो, “आत्ताच तर उचल घेतलीस की.” ती म्हणते, “पोरीला दवाखान्यात न्यायचंय.” हे जसंच्या तसं ठेवलं, फक्त मुकादमाचं वाक्य त्याच्या चेहऱ्यावर न ठेवता तिच्या चेहऱ्यावर आणलं. म्हणजे तुकडा उघडतो तोच तिच्या चेहऱ्याने, आणि आवाज मात्र त्याचा. बघणाऱ्याला क्षणात कळतं की रील कोणाची आहे. दोन माणसांच्या सीनने सुरू होणाऱ्या रीलमध्ये समोरचाच आधी दिसला आणि बघणाऱ्याने त्यालाच उमेदवार समजलं, असं मी बघितलेलं आहे.

मग मुकादम नकार देतो. तो तीन वाक्यं बोलतो, कारण त्यालाही दिग्दर्शकाने काम दिलं होतं. १२ सेकंद. त्यातलं एकच वाक्य लागतं: “हिशेब सीझन संपल्यावर.” बाकीची दोन काढली. पण त्याच्या चेहऱ्यावर काढली असती तर चित्र मधेच टुणकन उडालं असतं. ओठ एका जागी, मग अचानक दुसऱ्या. म्हणून ज्या जागी आवाज जोडला त्या जागेवर चित्र तिचं ठेवलं. आवाजातला सांधा चेहऱ्याखाली लपला. एका कामात दोन कामं झाली, कारण तेवढ्या वेळात ती ऐकताना दिसते. समोरचा बोलत असताना नटाच्या चेहऱ्यावर काय चाललंय हे अनुभवी कास्टिंगवाला संवादापेक्षा जास्त बारकाईने बघतो. कित्येक नट आपलं वाक्य येईपर्यंत नुसते थांबलेले असतात, आणि ते लपत नाही.

मग शांतता. लघुपटात ती ९ सेकंद गप्प राहते. मी आधी ४ ठेवले. पाहिलं तर ती जणू उत्तर तयारच ठेवून आली होती. बाई भांडकुदळ वाटायला लागली. ६ सेकंदांवर आणलं तेव्हा मधे एक क्षण दिसायला लागला: ती खाली बघते, पाय हलतो, वाटतं की आता परत फिरेल, आणि फिरत नाही. ती ठरवताना दिसते. त्यापुढचे ३ सेकंद त्याच ठरवण्याची पुनरावृत्ती होती. कुठे कापायचं हे असंच कळतं: नवीन काही घडणं थांबलं, की तिथे. नवशिके शांतता सगळ्यात आधी कापतात, कारण तिच्यात काही ऐकू येत नाही. मी ती सगळ्यात शेवटी कापतो. मग तिचं वाक्य येतं, “तुमचा हिशेब व्हईल, पोरगी राहील का तवर?” ४ सेकंद. मूळ सीनमध्ये त्यानंतर ती वळून ६ सेकंद चालत जाते. मी तिचा चेहरा ३ सेकंद धरून तोडलं, ती वळायच्या आत. हिशेब करून पाहा: १०, ४, ६, ४, ३. पंचावन्नचे सत्तावीस झाले, आणि तिचं एकही वाक्य गेलं नाही.

कॉन्स्टेबलचा तुकडा सोपा होता. ती दारातून येते, टोपी काढते, खुर्ची ओढते, रजिस्टर उघडते आणि मग समोरच्या म्हाताऱ्याला विचारते, “नाम?” तुकडा त्या “नाम?”पासूनच सुरू केला. १७ सेकंद. इथे एक धोका असतो. नेमक्या पहिल्या अक्षरावर कापलं तर शब्दाचा तोंडवळा खाल्ला जातो आणि कानाला धक्का बसतो. आधीच्या पाच-सहा फ्रेम, म्हणजे श्वास घेतल्याचा पाव सेकंद, ठेवावाच लागतो.

जावेच्या सीनने मात्र घाम काढला, आणि तो ज्यांच्याकडे फक्त मालिकेचं काम आहे अशा प्रत्येकाचा काढतो. मालिकेत एक टोमणा मारला की कॅमेरा घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जातो: सासू, नणंद, दीर, धाकटी जाऊ, पडद्याआडची मोलकरीण. ते सगळं काढणं सोपं आहे. अडचण आवाजाची. प्रक्षेपित एपिसोडमध्ये संवादाखाली पार्श्वसंगीत मुरवलेलं असतं. ते नेहमी स्वच्छपणे वेगळं होत नाही. मधले चेहरे काढून दोन संवाद जोडले की संगीत तुटतं आणि तो तुटका सूर कोणालाही ऐकू येतो. यावर पहिला उपाय म्हणजे प्रॉडक्शनच्या संकलकाला गाठून संगीत न चढवलेला सीन मागणं. लवकर मागितला तर मिळतो, मालिका संपून वर्ष उलटल्यावर हार्ड डिस्क कुठे असते ते देवाला ठाऊक. दुसरा उपाय म्हणजे संगीतात जिथे मोठा ठोका आहे तिथेच कापणं. ठोक्याच्या दणक्यात सांधा बुडतो. आम्हाला संगीतविरहित सीन मिळाला नाही, म्हणून ठोक्यावर कापलं आणि वाक्यांची निवड ठोक्यांनी ठरवली. तिचा सगळ्यात झोंबणारा टोमणा त्यात गेला. दुसऱ्या क्रमांकाचा राहिला. २१ सेकंद.

विनोदी स्किटला वेगळा न्याय लावावा लागतो. गंभीर सीनमध्ये आतून कापता येतं. विनोदात बोलणं आणि हसू यांच्यामधली पोकळी हीच विनोदाची जागा असते, तिथे दोन फ्रेमसुद्धा हलवल्या तर विनोद मरतो. म्हणून फक्त पुढचं कापायचं. मीटिंगची प्रस्तावना गेली आणि सुरुवात थेट “जोशीकाका, तुमचा माईक चालू आहे” इथून केली. मग ती थांबते, काकांच्या घरातलं भांडण सगळी सोसायटी ऐकते, आणि ती चेहरा सरकारी ठेवून कार्यक्रमपत्रिकेतला पुढचा विषय वाचते. १६ सेकंद, आतून एकही काप नाही. सगळे मिळून ८१, वर नाव आणि संपर्क धरून ८८ सेकंद.

आता क्रम. यात एक मत फार चालतं की सगळ्यात चांगला तुकडा शेवटी ठेवावा, म्हणजे परिणाम राहतो. पण शेवटपर्यंत किती जण पोचतात हा प्रश्न आहे, आणि रील हे नाटक नाही की तिकीट काढलेला माणूस तिसऱ्या अंकापर्यंत बसेल. तिच्या हातातलं सगळ्यात चांगलं काम ऊसतोड बाई, यात वादच नव्हता. पण तो तुकडा सावकाश चढतो, आणि त्यातली बोली हिंदीच्या ऑफिसातल्या माणसाला पहिल्या झटक्यात कळणार नाही. म्हणून पहिला मान कॉन्स्टेबलला. हिंदी, चेहरा जवळून, पहिल्याच सेकंदाला आवाज. आणि तिशीतल्या, सावळ्या, खणखणीत आवाजाच्या बाईला हिंदीत ज्या भूमिकांसाठी बोलावलं जातं त्यात पोलीस, नर्स, वकील हे वरच असतात. नटांना हे ऐकायला आवडत नाही. त्यांना वाटतं, पहिला तुकडा आपल्याला कुठल्याही साच्यात न बसवणारा हवा. माझं म्हणणं उलट आहे: पहिल्या तुकड्याने बघणाऱ्याला तुम्हाला कुठल्या तरी एका खणात ठेवू द्या, आणि दुसऱ्याने तो खण मोडा.

दुसरा तुकडा ऊसतोड बाई. कॉन्स्टेबल टेबलामागे बसून विचारते, समोरचा उभा आहे. पुढच्याच क्षणी तीच बाई उभी आहे, मागते आहे, आणि मोटरसायकलवर बसलेला दुसरा ठरवतो आहे. सत्ता उलटी झाली, भाषा बदलली, कपडे बदलले, बोलण्याचा वेग निम्मा झाला. त्या सांध्यावर बघणारा थबकतो आणि मनात म्हणतो, हीच का ती? रेंज दिसते ती तिथे. दोन तुकड्यांच्या मधल्या उडीतून. तुकडे वाढवून ती वाढत नाही. हेच दोन तुकडे एकमेकांपासून लांब ठेवले असते तर तो धक्का बसला नसता.

तिसरी सेक्रेटरी. ऊसतोड आणि जाऊ दोन्ही सावकाश चालणारे, शांततेत संपणारे सीन आहेत. लागोपाठ आले तर दुसरा पहिल्यासारखाच वाटला असता. मधे हसू आलं की कान ताजे होतात. फक्त पोरीच्या दवाखान्यावरून थेट जोशीकाकांच्या माईकवर उडी मारली तर दुःखाचीच टिंगल केल्यासारखं वाटतं. म्हणून मधे काळा पडदा ठेवला, पूर्ण शांत, जेमतेम पाऊण सेकंद. बाकीचे सांधे सरळ कापलेले. पानं उलटणं, फिरणं, चमकणं असली एकही करामत नाही. शेवटी जाऊ, कारण तिचा शेवट नजरेवर होतो आणि त्या नजरेनंतर नाव आलं की ते नाव वाचलं जातं.

हाच क्रम मराठी मालिकांच्या कास्टिंगला चालला नसता. त्यांना जावा-नणंदा लागतात, आणि कॉन्स्टेबलच्या हिंदीचं त्यांना काही पडलेलं नाही. त्यांच्यासाठी दुसरी फाइल केली: जाऊ, सेक्रेटरी, ऊसतोड, कॉन्स्टेबल. जाऊ आणि सेक्रेटरी दोघीही वरचढ, पण एकीचा वरचढपणा बोचतो आणि दुसरीचा हास्यास्पद होतो. शेवटच्या दोघींमध्ये सत्तेची तीच उलथापालथ, फक्त उलट्या दिशेने. तुकडे तेच आणि कापही तेच, म्हणून अर्ध्या तासाचं काम.

रील झाली की ती तपासायच्या माझ्या तीन रीती आहेत. एकदा आवाज बंद करून बघायची: प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या सेकंदाला चेहरा दिसतो का, आणि चार वेगळ्या जागा, चार वेगळी अंगं दिसतात का? एकदा स्क्रीन पालथा घालून ऐकायची. इथे आमचं स्किट पकडलं गेलं. फोनवरचा आवाज बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट मोठा लागत होता आणि एकदम दचकायला होत होतं. मीटरचा आकडा एकसारखा आहे एवढ्यावर समाधान मानू नका, संवाद कानाला एकसारखे लागले पाहिजेत. आणि तिसरी रीत म्हणजे नटाला न ओळखणाऱ्या कोणाला तरी एकदाच दाखवायची आणि दहा मिनिटांनी विचारायचं, कोण कोण होतं? आमच्या स्टुडिओत चहा आणणाऱ्या मुलाने सांगितलं: पोलीसवाली, ती पैसे मागणारी, ती माईकवाली. जाऊ त्याला आठवली नाही. माझ्या मते त्याचं कारण तो ठोक्यावरचा तडजोडीचा काप. तरीही जाऊ ठेवली, कारण मराठी फाइल तिच्यावरच उभी होती. हिंदी फाइलमधून तिला काढून ६७ सेकंदांवर थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. नव्वद ही वरची मर्यादा आहे, तेवढं भरण्याची सक्ती नाही. हातात दोनच चांगली कामं असतील तर पंचेचाळीस सेकंदांची रील पाठवावी. घरी भिंतीपुढे उभं राहून केलेली मोनोलॉग त्यात वेळ भरायला जोडू नये, ती वेगळी पाठवावी.

कापण्याने काय होत नाही तेही सांगतो. सीनमध्ये जे नाही ते संकलन आणू शकत नाही. प्रकाश चुकला असेल, चेहऱ्यावर फोकस नसेल तर कितीही चांगला अभिनय रीलमध्ये दुबळा दिसतो. लांबून घेतलेला शॉट थोडा मोठा करता येतो, पण एचडी चित्र पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढवलं की मऊ पडायला लागतं. ओटीटीच्या ॲपवरून स्क्रीन रेकॉर्ड करायला गेलात तर बहुधा काळा पडदाच मिळतो, कारण तिथे नक्कल रोखण्याची व्यवस्था असते. आणि प्रदर्शित न झालेल्या कामाचा तुकडा निर्मात्याला न विचारता लावू नका. करारात गुप्ततेचं कलम असतं आणि ते नटच विसरतात.

शेवटचं काम पाठवण्याचं. एचडी, सेकंदाला दहा मेगाबिटच्या हिशेबाने नव्वद सेकंदांची फाइल ११०-११५ एमबीची होते. ती व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकली तर दाबली जाऊन चेहऱ्यावर चौकोन उमटतात. ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठवणं बरं, आणि पुढे नवं काम मिळालं की Manage versions मधून तीच फाइल बदलता येते. आधी पाठवलेली लिंक तशीच चालू राहते. फक्त शेअरिंगमध्ये Anyone with the link निवडलंय का ते पाहा. ते राहून गेलं की बघणाऱ्यासमोर परवानगी मागणारं पान येतं, आणि परवानगी मागत बसायला तिथे कोणाला वेळ नसतो. म्हणून लिंक पाठवण्याआधी ती एकदा दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून बघा. तुमच्या स्वतःच्या फोनवर ती नेहमीच उघडते.